कुंडीत पातेरा, सोडण, पेंढा घालताना बुंधा कुजू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं कोकणातल्या कुंड्यांसाठी लिहिलंय, म्हणजे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जिथे नोव्हेंबर ते मे जवळपास पाऊसच नसतो आणि मग जूनमध्ये आभाळ फाटतं तिथल्यासाठी. देशावर पाऊस कमी, हवा कोरडी, तिकडे यातल्या काही गोष्टी वेगळ्या होतील.

जमिनीतल्या झाडाला आच्छादन ठीक आहे, पण कुंडीला कशाला पाहिजे?

उलट कुंडीलाच जास्त पाहिजे. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली ओल शोधत जातात, कुंडीतल्या झाडाला जायला जागाच नाही, जेवढी माती आहे तेवढीच त्याची विहीर. त्यात आपल्याकडे बहुतेकजण जांभ्याची लाल माती वापरतात, ती वरून पटकन सुकते आणि सुकली की तिला कडक पापडी धरते, मग पाणी घातलं की ते मातीत मुरायच्या आधी कुंडीच्या कडेने घसरून खालच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी झालं. मार्च ते मे दुपारी समुद्रावरून जो वारा सुटतो तो गच्चीवरच्या कुंडीची वरची चार बोटं माती एका दिवसात कोरडी करतो. त्या मातीवर पातेऱ्याचा थर असला की ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाही, पापडी धरत नाही, पाणी जागच्या जागी मुरतं. काम एवढंच, पण उन्हाळ्यात झाड जगणार की नाही ते बऱ्याचदा यावरच ठरतं.

मग सगळीकडे "खोडाला चिकटवू नका" असं का सांगतात? थोडं चिकटलं तर काय होतं?

खोडाचा मातीच्या वर येणारा जो भाग असतो, बुंधा, तो उघड्या हवेत राहणारा भाग आहे. मुळांची साल ओल सहन करते, बुंध्याची साल सतत ओली राहिली की मऊ पडते, चिरते आणि तिथून बुरशी आत शिरते. भाज्या आणि फुलझाडांवर आपल्याकडे येणारी एक वाईट बुरशी म्हणजे स्क्लेरोशियम रोल्फसाय. तिला साधारण 25 ते 35 अंश तापमान आणि दमटपणा आवडतो, म्हणजे कोकणातलं वर्षाचं बरंचसं हवामान. आणि ती आधी मातीवरच्या अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्यावर वाढते, तिथे ताकद गोळा करते आणि मग शेजारच्या जिवंत खोडावर चढते. म्हणजे तुम्ही ओला पातेरा खोडाला टेकवून ठेवलात तर बुरशीला खायलाही दिलंत आणि झाडापर्यंत जायला रस्ताही करून दिलात. मध्ये नुसती कोरडी उघडी माती असली तर तिला पलीकडे जाणं बरंच अवघड जातं, आणि शिवाय वारा लागून साल सुकी राहते. म्हणून ती मोकळी जागा. आच्छादन किती जाड, कसलं, हे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, पण ती जागा सोडायलाच हवी.

नक्की किती जागा सोडायची, किती जाड थर घालायचा? एक उदाहरण देऊन सांगाल का?

12 इंची कुंडी घेऊ, त्यात मिरचीचं एक झाड, खोड साधारण पेन्सिलीएवढं. आधी कुंडीला खालून निथळेपर्यंत सावकाश पाणी घालायचं. कोरड्या मातीवर आच्छादन टाकलं तर कोरडेपणाच झाकून ठेवल्यासारखं होतं, पहिलं पाणी बरंचसं पातेराच पिऊन टाकतो. पाणी मुरल्यावर खोडाभोवतीची माती बोटाने किंचित उंच करायची, अगदी बशीएवढा हलका उतार, म्हणजे पाणी खोडाशी न साचता बाहेरच्या बाजूला जाईल. आता खोडाच्या चारी बाजूंनी तीन बोटं जागा मोकळी, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर, आणि त्याच्या बाहेर कुंडीच्या काठापर्यंत चुरलेला पातेरा. थर दाबल्यावर 2 इंच राहील इतका. एवढ्या कुंडीला साधारण 3 लिटर चुरलेली पानं लागतात, म्हणजे लहान बादली अर्धी. काही दिवसांत तो बसून इंचभर होतो, तेव्हा वरून परत थोडा टाकायचा.

जागा मोकळी राहावी म्हणून एक सोपी युक्ती, दह्याचा किंवा आईस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळ काढून टाका, एका बाजूला उभा चिरा आणि खोडाभोवती गुंडाळून मातीत अर्धा इंच रोवा. वाऱ्याने किंवा पाण्याच्या जोराने पातेरा खोडाकडे सरकत नाही. करवंटीचा मोठा भोक पाडलेला अर्धा भागही चालतो, पण खोड जाड झालं की तो काढता येत नाही, फोडावा लागतो, म्हणून डबा बरा.

मोगरा, जास्वंद यांच्यासारखी जाड खोडाची झाडं असतील तर चार बोटं सोडा. मेथी, पालक असं दाट पेरलेलं असेल तर प्रत्येक रोपाभोवती जागा सोडणं शक्यच नाही, तिथे दोन ओळींच्या मध्ये पातळ पट्टी टाकायची आणि रोपं वीतभर होईपर्यंत तीही नको.

माझी कुंडी काठोकाठ मातीने भरलेली आहे, आच्छादन राहातच नाही. काय करू?

माती कमी करा, दुसरा उपाय नाही. काठापासून निदान 2 इंच जागा लागते, 3 असली तर उत्तम. पण वरून माती काढताना मुळं उघडी पडत असतील तर थांबा, पुढच्या वेळी कुंडी बदलताना झाड थोडं खाली लावा. आणि उलटी चूकही बघितली आहे, दरवर्षी पातेरा कुजून त्याची माती होते, त्यावर पुन्हा पातेरा, तीन-चार वर्षांत बुंधा मातीत दोन इंच गाडला जातो. तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जुना कुजलेला थर खोडापासून दूर ओढून बुंधा मूळ पातळीवर उघडा करायचा. ते काळं खत फेकू नका, कुंडीच्या कडेला पसरा.

पातेरा कुठल्या झाडाचा चांगला?

आंबा, काजू, फणस, आईन, बांबू, जे परसात पडतं ते चालतं, फक्त सुकलेलं पाहिजे आणि चुरलेलं पाहिजे. आंब्या-फणसाची पानं जाड आणि मेणचट असतात, ती अख्खी घातली की कौलांसारखी एकावर एक बसतात आणि वरून घातलेलं पाणी त्यावरून कुंडीबाहेर जातं, खाली माती कोरडी ठणठणीत. म्हणून पोत्यात भरून वरून काठीने बडवायची किंवा पायाने तुडवायची, रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे झाले की बस. अगदी पीठ करू नका, पीठ ओलं झालं की चिखलासारखं चिकटून बसतं आणि हवा बंद होते. सुरूची सुयांसारखी पानं मात्र चुरायला लागत नाहीत, किनाऱ्यालगत सुरूबन असेल तर वाळूवर पडलेली घेऊ नका, मिठाचा त्रास होतो, झाडाखाली आतल्या बाजूची घ्या आणि एकदा गोड्या पाण्यातून काढून सुकवा.

गळ सगळ्यात जास्त फेब्रुवारी ते एप्रिल होते, तेव्हाच दोन पोती भरून पडवीत कोरडी ठेवायची. पावसात भिजलेला, काळा पडलेला पातेरा आच्छादनाला घेऊ नये, तो सरळ खताच्या खड्ड्यात. आणि ज्या झाडाची पानं डागाळून, करपून गळली आहेत त्याची पानं त्याच जातीच्या झाडाच्या कुंडीत तर अजिबात नको.

नारळाचं सोडण, काथ्या आणि कोकोपीट यात फरक काय? सगळं एकच ना?

नारळ सगळा एकच, पण वागणं फार वेगळं. कोकोपीट म्हणजे सोडणातला भुसा, तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, आणि वर नुसता टाकला की एकतर सुकून वाऱ्याने उडतो किंवा ओला झाला की स्पंजासारखा ओलाच राहतो. मातीत मिसळायला छान, वर पसरायला मला तो आवडत नाही, बुंध्याशी सरकतो तोही हाच. काथ्याचे तंतू मात्र उत्तम, ते एकमेकांत गुंततात त्यामुळे उडत नाहीत, त्यांच्यामधून हवा खेळते, आणि हळूहळू कुजतात त्यामुळे एकदा घातलं की पूर्ण उन्हाळा जातो. थर इंचभर पुरतो, पातेऱ्याएवढा जाड लागत नाही. सोडणाचे दोन-दोन इंचांचे तुकडे केले तर आणखी टिकाऊ.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे खारेपणा, काथ्यासाठी सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजवतात आणि तसलं सोडण किंवा काथ्या आणला तर त्यात मीठ असतं, झाडाच्या पानांच्या कडा करपायला लागतात आणि माणूस खत कमी पडलं म्हणून अजून खत घालत बसतो. आणल्यावर बादलीत रात्रभर भिजत घालायचं, पाणी ओतून द्यायचं, असं तीन वेळा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं, तिसऱ्या वेळेला बरंच फिकं झालं की वापरायला हरकत नाही. घरच्या नारळाचं ताजं सोडण असेल तरी एकदा धुवा, तो तपकिरी रस कोवळ्या रोपांना चांगला नसतो.

दुसरं, सोडणाचा वाटीसारखा तुकडा कुंडीत ठेवताना पालथा ठेवायचा, पाठ वर. आगरात नारळाच्या आळ्यात सोडणं पुरतात तेव्हा पोकळ बाजू वर करतात कारण तिथे पाणी धरून ठेवायचं असतं, तेच बघून लोक कुंडीतही उताणी ठेवतात आणि मग प्रत्येक वाटीत पाणी साचून डासांच्या अळ्या. घराशेजारी हे नकोच.

भाताचा पेंढा घातला तर चालतो का? आमच्याकडे भरपूर आहे.

चालतो, फक्त तो सगळ्यात लवकर कुजतो आणि सगळ्यात पटकन खोडाशी लोंबतो. बोटभर लांबीचे तुकडे करून घाला, लांब काड्या घातल्या की वाऱ्याने फिरून खोडाला वेढा घालतात. झोडणी नीट झाली नसेल तर लोंबीत राहिलेले दाणे उगवतात, ते दिसले की उपटायचे, त्रास एवढाच. पेंढ्यातून कधीकधी छत्र्या उगवतात, त्या झाडाचं काही बिघडवत नाहीत, पण खाऊ नका, कुठली जात आहे ते घरी ओळखणं धोक्याचं आहे. भाताच्या तुसाचा थर घालायचा असेल तर अर्धा इंचच, पाण्यावर तरंगून ते सगळं एका बाजूला जमतं, आणि ती बाजू हमखास खोडाची असते.

आच्छादनावर पांढरी बुरशी आली आहे, काढून टाकू का?

प्रत्येक पांढरं म्हणजे रोग नाही, आणि हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा नीट सांगते. पातेरा कुजतो तो बुरशीमुळेच, त्यामुळे थर उचलला आणि खाली पानांना पांढरे बारीक धागे दिसले, जंगलातल्या मातीसारखा वास आला, तर ते चांगलं काम चाललंय. काहीही करू नका.

काळजी कधी करायची तर पांढरं खोडावर दिसलं तर. बुंध्यापाशी जमिनीलगत पंख्यासारखा पसरलेला, कापसासारखा चमकदार पांढरा थर, आणि त्यात मोहरीच्या दाण्यासारखे गोल दाणे, आधी पांढरे, मग पिवळट, मग तपकिरी. हे दाणे दिसले की स्क्लेरोशियमच समजा. नखाने बुंध्याची साल हलकी खरवडून बघा, आत हिरवं आणि घट्ट असेल तर झाड अजून वाचण्यासारखं आहे, तपकिरी आणि मऊ असेल आणि बोटाला साल सुटून येत असेल तर उशीर झाला.

मिरच्यांनी लगडलेलं झाड एका दिवसात कोमेजलं, पाणी तर रोज घालत होतो. काय झालं असेल?

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींकडे अगदी हेच झालं, तेच सांगते. मे अखेरीला दोन-तीन वळीव पडले, कुंडीतला फणसाचा पातेरा भिजून खोडाशी गोळा झाला होता, आणि वर ऊन तापतच होतं. मिरची दुपारी माना टाकायला लागली, त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. झाड पाण्याने कोमेजलंय की पाण्यावाचून ते ओळखायचं असेल तर पहाटे बघा, नुसतं तहानलेलं झाड रात्रीत पाणी मिळाल्यावर सकाळी ताठ होतं, बुंधा कुजलेलं सकाळीही तसंच लोंबलेलं असतं, आणि बोट घातलं तर माती ओली लागते. वहिनींची माती चिखल होती. पातेरा बाजूला केल्यावर खोडाला पांढरा पंखा आणि मोहरीचे दाणे.

ते झाड वाचणार नव्हतं. त्यांनी ते मुळांसकट आणि भोवतालच्या मातीसकट उचलून, त्यावरचा पातेराही घेऊन, लांब नेऊन जाळलं. खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, ते दाणे मातीत काही वर्षं जिवंत राहतात आणि खतातून दुसऱ्या कुंड्यांत पोचतात. शेजारच्या दोन कुंड्यांत खोड अजून घट्ट होतं, तिथे पातेरा पूर्ण काढला, बुंध्याभोवतीची दोन बोटं माती काढून टाकून खोड उघडं केलं, कुंड्या पाऊस लागणार नाही अशा पडवीत ठेवल्या आणि वरची माती कोरडी दिसेपर्यंत पाणी बंद. दोन्ही वाचल्या. उरलेली कुंडीतली माती तशीच परत वापरायची नव्हती, ती पुढच्या एप्रिल-मेमध्ये तापवायला ठेवली, ओलसर करून जाड नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत चार बोटं जाडीची पसरायची, तोंड घट्ट बांधायचं आणि कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवायची. काळी पिशवी नको, पारदर्शकच, ऊन आत जाऊन तापलं पाहिजे. नंतर त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळायचा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे, ती आधी मातीत बसली तर रोगाच्या बुरशीला जागा कमी मिळते, पण कुजलेल्या खोडाला ती औषध म्हणून टाकून काही होत नाही, ती आधी टाकायची गोष्ट आहे. आणि तिच्यासोबत बुरशीनाशक घातलं तर ती वाया जाऊ शकते.

आच्छादन घातल्यावर पाणी किती कमी करायचं?

कॅलेंडर बघून नाही, बोट घालून. पातेरा बाजूला सारून मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाला, ओल लागली तर पाणी नको, मग वरचा पातेरा कितीही सुका दिसो. बहुतेकांची गफलत हीच होते, वर सुकं दिसतं म्हणून रोज पाणी. हलवता येणारी कुंडी असेल तर उचलून बघायची सवय लावा, ओली कुंडी चांगली जड लागते. उन्हाळ्यात गच्चीवर जिथे रोज पाणी लागत होतं तिथे दिवसाआड पुरेल, सावलीतल्या पडवीत अजून कमी. आणि पाणी घालताना ते थेट खोडावर ओतू नका, बाहेरच्या पातेऱ्यावर गोल फिरवत घाला.

पावसाळ्यात आच्छादन ठेवायचं की काढायचं?

रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तेव्हा ओल टिकवायचा प्रश्नच नसतो, ओल कमी कशी करायची हा असतो. म्हणून रोहिणी निघत आल्या, पहिले वळीव पडले, की जाड थर काढायचा, मृगाची वाट बघू नका. मात्र माती अगदी उघडीही ठेवू नका, कारण मोठ्या थेंबांनी माती उसळून पानांना चिकटते आणि त्यातून रोग पानांवर चढतो. सोडणाचे मोठे तुकडे पालथे, एकेरी, कुंडीच्या काठाकडे, खोडाभोवती नेहमीपेक्षा जास्त जागा सोडून, एवढं पुरतं. पेंढा आणि पातेरा या दिवसांत अजिबात नाही. कुंडी पागोळीखाली असेल तर ती आधी हलवा, पागोळीची धार दोन तासांत खोडाभोवती खड्डा पाडते. खाली जांभ्याच्या चिऱ्याचे दोन तुकडे ठेवले की भोक मोकळं राहतं. पुन्हा जाड थर ऑक्टोबरची उन्हं सुरू झाली की.

आंब्याचं, चिकूचं कलम ड्रममध्ये आहे, तिथेही हेच का?

हो, पण एक गोष्ट जास्त. कलमाचा जोड कधीही आच्छादनाखाली किंवा मातीखाली जाऊ देऊ नका, तो निदान वीतभर वर मोकळा दिसला पाहिजे. जोड गाडला गेला तर वरच्या भागाला मुळं फुटू शकतात किंवा तिथूनच कुजतं. ड्रम मोठा म्हणून लोक हौसेने टोपलीभर पातेरा ओततात, खोडाभोवती वीतभर जागा सोडा.

कुठल्या झाडांना आच्छादन नकोच?

अडेनियम, कोरफड, निवडुंग, सगळी गुबगुबीत खोडाची झाडं. त्यांना वर खडे घाला. कुंडीतली बहुतेक ऑर्किडं तर मातीतच नसतात.

पातेऱ्यात साप-विंचू, मुंग्या, वाळवी येतात म्हणून घरचे घालू देत नाहीत.

घरच्यांचं म्हणणं खरं आहे, हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे फुरसं पालापाचोळ्यात आणि दगडांखाली बसतं आणि रंगाने पानांत दिसतही नाही. पातेरा गोळा करताना हाताने ओढायचा नाही, दाताळ्याने किंवा काठीने, पायात बूट घालून, आणि पोत्यात हात घालण्याआधी पोतं अंगणात पालथं करून उन्हात पसरायचं. उन्हात तास-दोन तास राहिला की मुंग्याही निघून जातात. पोती पडवीत ठेवायची ती जमिनीवर नको, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. कुंडीतल्या दोन इंचांच्या थरात साप सहसा राहायला येत नाही, पण कुंड्यांमागे जो ढीग साठवतात तिथे येतो, तो ढीग घराला लागून करू नका.

वाळवी जमिनीवर ठेवलेल्या कुंडीत भोकातून वर येते आणि सुकं खाते. चिऱ्यावर उचलून ठेवलेल्या कुंडीत ती फारशी येत नाही, आलीच तर मातीच्या नळ्या कुंडीच्या बाहेरून चढताना दिसतात, त्या मोडून टाकायच्या आणि तो पातेरा बदलायचा. गोगलगायी मात्र पावसात येणारच, त्या दिवसा सोडणाच्या तुकड्याखाली बसतात, तेव्हा सकाळी तुकडा उलटा करून वेचून काढायच्या.